आमच्या घरातली दामले

मला राग आला की मी भांडी घासते. कामवाली घासून गेलेली असली तरी पुन्हा घासते. आमचे हे, गुणवंतराव, आवाजावरून ओळखतात आणि पेपर घेऊन मुकाट्यानं बाल्कनीत जाऊन बसतात. त्या रविवारी मी कुकर असा घासला की झाकणाची मूठ हातात आली. कारण तसंच होतं. सकाळी डब्लिनहून आमच्या तनयाचा फोन आला होता आणि पोरीनं विचारलं होतं, "आई, चंदाकाकूचं आडनाव दामले कधी झालं गं?"

चंदा माझी धाकटी जाऊ. चंदा सुगत गजभिये. मी सरला गुणवंत गजभिये. द्वारकेला एकाच सोसायटीत राहतो आम्ही, ती सहाव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. आमचे सासरे काशीनाथ गजभिये नागपूरहून दिल्लीला सरकारी नोकरीत आले तेव्हा इथं घर भाड्यानं देताना लोक आधी आडनाव विचारायचे. मग गावाचं नाव विचारायचे, मग देव कोणता ते विचारायचे. एका मराठी साहेबानंच त्यांना सल्ला दिला होता, नुसतं ‘काशीनाथ नागपूरकर’ सांगा, काम होऊन जाईल. मामंजी म्हणाले, "साहेब, घर नाही मिळालं तर मी स्टेशनावर झोपीन." आणि झोपले नसते तरी तेच म्हणाले असते, तसलेच होते ते. मग बुद्धविहारातल्या एका माणसानं त्यांना खोली दिली. हे सगळं आम्ही सुनांनी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

आणि आता त्या माणसाच्या सुनेचं आडनाव दामले. मी कुकर घासू नको तर काय करू?

चंदाबद्दल आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. ती लग्न होऊन उमरेडहून आली तेव्हा तिला हिंदी धड येत नव्हती. भाजीवाल्याकडे जाऊन "भाऊ, आंबट चुका आहे का?" असं खणखणीत मराठीत विचारायची. तो बिचारा म्हणायचा, "बहनजी, चूक किस बात की?" पण पोरांशी बोलायला तिला कधीच भाषा कमी पडली नाही. इथल्या एका शाळेत प्राथमिकच्या वर्गाला ती अनेक वर्षं शिकवत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली तिनं. मी नाही सोडली, तिनं सोडली. सासूबाई गेल्यावर घर खायला उठलं तिला. सुगतभावजी सकाळी मानेसरच्या कारखान्याची बस पकडायचे ते संध्याकाळीच उगवायचे. तेव्हा कुणीतरी तिला ‘अंगण’चं सांगितलं.

‘अंगण’ म्हणजे परदेशातल्या मराठी मुलांसाठी ऑनलाइन मराठी आणि संस्कृतीचे वर्ग. ऑफिस गुडगावला. चालवणारे नवराबायको, इंद्रजित परचुरे आणि नीरजा परचुरे. तो हिशेब आणि कॉम्प्युटर बघायचा, ती जाहिराती आणि पालक. दोघंही दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड.

वर्ग कसे चालायचे ते मी चंदाच्या डायनिंग टेबलाशी बसून खूप पाहिलंय. आपली शनिवारची संध्याकाळ म्हणजे न्यू जर्सीची शनिवार सकाळ. पोरं झोपेतून उठून, दुधाचा पेला हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर यायची. नोव्हेंबरात तिकडचे लोक घड्याळं मागे घेतात, मग इकडे चंदाची भाकरी तासभर पुढे ढकलली जायची. लंडनवाल्यांची बॅच दुपारी, कॅलिफोर्नियावाल्यांची रविवारी सकाळी. एका बॅचमध्ये सहाच पोरं, कारण त्याहून जास्त झाली की मागे बसलेली आई हळूच उत्तर पुरवते आणि पोर नुसतं ओठ हलवतं.

ह्या पोरांचं एक वेगळंच असतं. त्यांना मराठी समजतं सगळं. आईनं "चपला काढून ये" म्हटलं की काढतात. पण उत्तर इंग्रजीत देतात. चंदा म्हणायची, "वहिनी, कुलूप कानाला नाहीये, तोंडाला आहे." म्हणून ती अआइई पासून सुरूच करायची नाही. पहिल्या दिवशी सांगायची, जा, फ्रिजमधून काहीतरी आण. मग त्या वस्तूवर बोलायचं. आणि दर आठवड्याला गृहपाठ एकच: आजीला किंवा आजोबांना फोन करून एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर बाईंना माहीत नाही. शाळेच्या सुट्टीत काय खायचात? पहिली सायकल कुणी शिकवली? उत्तर बाईंना खरंच माहीत नसतं, त्यामुळे पोराला ते मराठीत सांगणं भागच पडतं. आहे की नाही डोकं?

एडिसनला राहणारा आर्यन नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. दोन महिने तो हूं की चूं बोलला नाही. व्हिडिओ बंद ठेवायचा, नुसतं त्याचं नाव काळ्या चौकोनात. चंदानं त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. एका शनिवारी गृहपाठ म्हणून वर्गातूनच त्याच्या सांगलीच्या आजोबांना जोडून घेतलं, दिनकरराव नाव त्यांचं, आणि आर्यननं अचानक कॅमेरा लावला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही शाळेत कुणाला घाबरायचात?"

म्हातारा आधी हसला. मग चष्मा काढून पुसायला लागला. म्हणाला, "गणिताच्या मास्तरांना रे बाळा. आणि तुझ्याशी फोनवर बोलायला घाबरायचो." मी टेबलाशी मटार सोलत बसले होते, माझ्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. चंदाच्या नाही आलं. शिकवायच्या वेळी ती रडत नाही.

त्या तासाची रेकॉर्ड झालेली फीत उचलून नीरजानं जाहिरात केली.

जाहिरातीतलं सगळ्यात चांगलं वाक्यही चंदाचंच. नीरजानं सगळ्या शिक्षकांना विचारलं होतं, परदेशातल्या आईबापांना कशाची भीती वाटते ते लिहून पाठवा. बाकीच्यांनी मुळं, परंपरा, संस्कृती असलं काय काय लिहिलं. चंदानं लिहिलं: ‘दहा वर्षांनी तुमचं मूल तुम्हाला विचारेल, मला का नाही शिकवलंत? तेव्हा काय सांगाल?’ ते वाक्य पहिल्यांदा काळ्या पडद्यावर येतं, मग आर्यन, मग आजोबा, मग चंदाचा हसरा चेहरा. शेवटी ‘पहिला तास मोफत. आजच नाव नोंदवा.’ सुरेख जाहिरात आहे, मी नाही म्हणत नाही. बाप्यांना रडवणारी आहे. फक्त चंदाच्या चेहऱ्याखाली लिहिलंय: ‘चंदा दामले, संस्कारांचा वारसा.’

आणि आम्हाला सहा महिने पत्ता नाही! कसा असणार? ह्या जाहिराती इथं दिसतच नाहीत. अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, दुबई, ऑस्ट्रेलिया, अशा देशांची निवड करून, तिथं मराठी वाचणारे, पोरं असलेले लोक शोधून फक्त त्यांच्याच फोनवर सोडतात. दिल्लीत बसलेल्या बाईला आपला चेहरा जगभर कुठल्या नावानं फिरतोय ते कळायचं कारण नाही. वर्गात सगळे तिला चंदाताई म्हणायचे. पालकांचे निरोप ऑफिसातून यायचे. शिक्षकानं पालकाला स्वतःचा नंबर द्यायचा नाही असा नियमच होता. पक्का बंदोबस्त.

मी तनयाकडून जाहिरात मागवली, कुकर तसाच ठेवला, आणि सहाव्या मजल्यावर गेले. चंदानं ती तीनदा पाहिली. मग म्हणाली, "आर्यन छान दिसतोय."

"आर्यन गेला खड्ड्यात!" मी ओरडले. "खाली काय लिहिलंय ते वाच!"

"वाचलं वहिनी."

तिचा चेहरा बघून मी तिच्याशेजारी बसले. असा चेहरा मी फक्त सासूबाईंच्या शेवटच्या दिवशी पाहिला होता.

सोमवारी आम्ही दोघी मेट्रोनं गुडगावला गेलो. ती म्हणत होती, मी एकटी जाते. मी म्हटलं, आडनाव माझंही आहे, चल. काचेचं ऑफिस, भिंतीवर वारली चित्रं, कोपऱ्यात पितळेचा बंब, त्यात पाणी कुणी तापवत नाही. नीरजानं कॉफी मागवली. चंदानं फोन तिच्या पुढ्यात ठेवला.

नीरजा जरासुद्धा गडबडली नाही. तिनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "चंदाताई, बघा ना, मी दाखवतेच तुम्हाला. आम्ही एकच जाहिरात दोन प्रकारे चालवली. फीत तीच, वाक्य तेच, फक्त नाव वेगळं. एकीत गजभिये, एकीत दामले. दोन्ही सारख्याच लोकांना दाखवल्या. दामलेवर जवळजवळ दुप्पट लोकांनी नाव नोंदवलं. मग कॉम्प्युटर आपोआप जी चालते तीच पुढे ढकलतो. मी काही केलं नाही."

"नाव तर तुम्हीच लिहिलंत," चंदा म्हणाली.

"टेस्ट करावीच लागते हो. आईबाप घाबरलेले असतात, त्यांना ओळखीचं काहीतरी हवं असतं. आणि दामले माझ्या माहेरचं आडनाव आहे. मी माझ्या घरचं नाव दिलं तुम्हाला! खरं तर आनंद व्हायला हवा." मग तिनं चंदाच्या हातावर हात ठेवला. "प्लीज, पर्सनल घेऊ नका. डेटा आहे."

माझ्या हातात कॉफीचा कप होता. तो मी नीरजाच्या डोक्यावर का नाही ओतला, हे मला अजून कळत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात चंदानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"मागे एप्रिलात मी बाबासाहेबांच्या जयंतीचा तास घेऊ का विचारलं होतं," चंदा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तो विषय जरा पॉलिटिकल होतो. तेही असंच पाहिलं होतं का, दोन प्रकारे चालवून?"

"तसं नाही हो, यार... ताई, तुम्ही समजून घ्या."

"समजलं," चंदा म्हणाली आणि उठली.

लिफ्टमध्ये मी तिला झाडलं. म्हटलं, राजीनामा तोंडावर मारून यायचा होतास! पाच वर्षं त्या बाईच्या गणपतीच्या आरत्या शिकवल्यास, मोदकाच्या कळ्या दाखवल्यास, आपल्या घरात नसलेलं सगळं निगुतीनं शिकवलंस, आणि तिनं तुझं नाव पुसलं! चंदा म्हणाली, "राजीनामा दिला तर ती उद्या दुसरी बाई आणून तिलाही दामले करील. मला तिला दुखवायचंय वहिनी. नुसतं सोडून जाऊन ती दुखणार नाही."

इतक्या शांतपणे म्हणाली की मलाच थंडी वाजली. आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं. चंदाला सूड घ्यायचा आहे हे ऐकून मला तिच्याबद्दल पहिल्यांदा एवढा अभिमान वाटला. त्या रात्री मी भांडी घासली नाहीत.

नवीन सत्राच्या आधी ‘अंगण’चा आजी-आजोबा मेळा असतो. जुनी मुलं ऑनलाइन येऊन बोलून दाखवतात, सांगली-नागपूर-कोल्हापूरचे आजी-आजोबा बघतात, आणि जाहिरात बघून आलेले नवे पालकही त्यात असतात. मुलांचं झालं की नीरजा येते आणि प्रवेशाचं सांगते. म्हणजे मेळा ही खरी जाहिरातच. ती फेसबुकवर त्याच वेळी थेट जाते, तिथून पुसता येत नाही असं नाही, पण लोकांनी बघितलेलं तर पुसता येत नाही.

मेळ्याला अजून महिना होता. चंदानं शनिवारी वर्ग घेतला, जसा नेहमी घ्यायची तसा. म्हणाली, आज आपण पूर्ण नाव शिकायचं. परदेशातली पोरं स्वतःचं नाव आणि आडनाव एवढंच सांगतात, मधलं नाव पासपोर्टात पडून असतं. चंदा म्हणाली, मराठी माणूस नाव सांगतो ते तीन मजली सांगतो. आधी मी, मग माझ्या घरचं माणूस, मग आडनाव. पोरांना ते भारी आवडलं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, मग गृहपाठ: आईचं पूर्ण नाव, आजोबांचं पूर्ण नाव. पुढच्या शनिवारी एका मुलीनं विचारलं, "चंदाताई, तुमचं?"

चंदा म्हणाली, "चंदा सुगत गजभिये. म्हणा."

सहाही चौकोनांतून आवाज आला, चंदा सुगत गजभिये. मी टेबलाशी होते. मटार नव्हते त्या दिवशी, मी नुसतीच बसले होते. तिनं त्यांच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं, आणि मग सगळ्या बॅचेसमध्ये. लंडन, कॅलिफोर्निया, दुबई. कोणाला खोटं सांगितलं नाही, कोणाची चहाडी केली नाही. पोरांना बाईंचं नाव शिकवलं, बस. ‘अंगण’च्या पुस्तकातलाच तो पाठ होता: ‘माझी ओळख’.

मेळ्याच्या दिवशी मी, गुणवंतराव आणि सुगतभावजी असे तिघं चंदाच्या बेडरूममध्ये फोनवर तो कार्यक्रम लावून बसलो. ती बाहेर टेबलावर. पडद्यावर वर मोठी पट्टी: ‘अंगण — आपल्या मुळांशी नातं. मुख्य शिक्षिका चंदा दामले.’ नीरजा नऊवारी नेसून बसली होती, नथ वगैरे. शेकडो लोक जोडलेले.

पहिला आर्यन. तोच जाहिरातीतला, त्यालाच आधी काढणार हे नक्कीच होतं. चंदानं गोड आवाजात म्हटलं, "आर्यन, सगळ्यांना तुझी ओळख सांग."

पोरगं ताठ उभं राहिलं. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मग म्हणाला, "आणि माझ्या बाईंचं पूर्ण नाव चंदा सुगत गजभिये."

नीरजाचा चेहरा हलला नाही, पण डोळे पट्टीकडे गेले. दुसरी मुलगी आली, तिनंही तेच. तिसरा मुलगा "माझ्या बाईंचं पूर्ण—" म्हणतोय तोच आवाज बंद! नीरजानं त्याला म्यूट केला होता. पोराला कळलंच नाही, तो आपला ओठ हलवत राहिला, आणि शेवटचे तीन शब्द त्याच्या ओठांवरून कुणालाही वाचता आले असते. सुगतभावजी खदखदा हसले. मी म्हटलं, थांबा, अजून आहे.

कारण दिनकररावांनी त्यांचा माइक चालू केला होता. म्हाताऱ्या माणसांना म्यूट करणं अवघड असतं, ती पुन्हा चालू करतात. "अहो मॅडम," ते म्हणाले, "नातू गजभिये म्हणतोय. तुम्ही वर दामले लिहिलंय. ह्यातलं खरं काय?"

"काका, छोटीशी टायपिंग मिस्टेक आहे, आपण पुढे—"

"टायपिंग मिस्टेक नाही," चंदा म्हणाली.

इतक्या दिवसांचं सगळं त्या आवाजात होतं, पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "काका, माझं नाव चंदा गजभियेच आहे. माझी एकच जाहिरात दोन आडनावांनी चालवली होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना दोन्हींतली एक दिसली असेल. फीत तीच होती, मीच होते, वाक्यही मी लिहिलेलं होतं. गजभियेवर कमी लोकांनी बोट दाबलं, दामलेवर जास्त. म्हणून मी दामले झाले. नीरजाताईंनी नाव लिहिलं, पण निवडलं तुम्ही. मुलांना मुळं शिकवा म्हणून तुम्ही माझ्याकडे पाठवता ना? मग ही पण आपली मुळं आहेत. पोरांना सांगाल ना, कधी विचारलं तर?"

काही चौकोन पटापट काळे झाले, काही लोक निघून गेले. निघून जाणाऱ्यांचा मला संताप आला, आणि थांबलेल्यांचाही आला, नुसते बसले होते म्हणून. मग आर्यनची आई, अनुष्का, पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "बाई, मला दोन्ही दिसल्या होत्या. आर्यन दिसतो म्हणून मैत्रिणींना पाठवताना मी दामलेवालीच पाठवली." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आर्यन मागून विचारत होता, "व्हॉट हॅपन्ड? आई, काय झालं?" त्यानं मराठीत विचारलं हे बहुतेक त्याच्या आईच्याही लक्षात आलं नाही.

नीरजानं कार्यक्रम तिथंच बंद केला.

दोन दिवसांनी ती आमच्या सोसायटीत आली. इंद्रजितही. मी मुद्दाम सहाव्या मजल्यावर जाऊन बसले होते, आणि मी उठणार नव्हते. परिस्थिती अशी होती की जुने पालक फोन करकरून विचारत होते, गजभिये बाईंचा वर्ग आहे ना? काही रागावले होते, काही लाजले होते, पण मुलं चंदाचीच होती, आणि मुलं दुसऱ्या कुणासमोर कॅमेरा लावत नव्हती. सत्र आठवड्यावर आलेलं. इंद्रजित सरळ म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय बॅचेस चालणार नाहीत. तुमचं खरं नाव जाहिरातीत टाकतो. माफी मागतो. बोला, आणखी काय?"

नीरजा पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली होती.

चंदा म्हणाली, "एप्रिलात बाबासाहेबांचा तास होईल."

"बिल्कुल," इंद्रजित म्हणाला.

"आणि एक जाहिरात चालवायची. आठ दिवस. फीत नवीन. त्यात माझा चेहरा नको, नीरजाताईंचा हवा. नथ, नऊवारी, सगळं असू दे. वाक्यं मी लिहून देईन, चांगली लिहीन. खाली नाव लिहायचं, नीरजा गजभिये."

नीरजानं मान वर केली.

"त्यांच्या माहेरचं आडनाव मी सहा महिने वापरलं," चंदा म्हणाली. "आता माझ्या सासरचं त्यांनी आठ दिवस वापरावं. त्याच देशांत दाखवायची, त्याच लोकांना. आणि दर संध्याकाळी मला आकडे पाठवायचे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी उशी मांडीवर घेऊन घट्ट धरून बसले.

"बस एवढंच?" इंद्रजित हसला. त्याला सुटल्यासारखं झालं. "हे तर काहीच नाही. इंडियात दिसणारच नाही ती."

"हो ना," चंदा म्हणाली. "दिसणारच नाही."

नीरजानं नवऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, मला दिसलं ते. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? ‘माझ्या चेहऱ्याखाली हे नाव नको’ एवढं वाक्य तिच्या तोंडून निघावं, ह्याची मी वाट बघत होते. नाही निघालं. ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "ठीक आहे."

सोमवारी जाहिरात सुरू झाली. तनयानं डब्लिनहून पाठवली. छान होती, चंदानं मनापासून लिहिली होती. नीरजा सुंदर दिसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘नीरजा गजभिये, संस्कारांचा वारसा.’ ‘संस्कारांचा वारसा’ हे शब्दही तसेच ठेवायला लावले होते चंदानं.

आकडे यायला लागले. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे. चंदा ते बघायची आणि फोन उलटा ठेवायची. मला आनंद व्हायचा आणि त्याच दमात रागही यायचा, कारण ते कमी पडणारे आकडे आमच्याच आडनावाचे होते. पण नीरजाचं खरं दुखणं आकड्यांत नव्हतं. दामल्यांचा गोतावळा मोठा. तिची आत्या टोरांटोला, मामेभाऊ सिडनीला, शाळेतल्या मैत्रिणी लंडनला. जाहिरात बरोबर त्यांच्याच फोनवर जाऊन पडत होती.

शुक्रवारी संध्याकाळी चंदाचा फोन वाजला. आम्ही दोघी चहा पीत होतो. तिनं स्पीकर लावला. नीरजा रडत होती.

"चंदाताई, ती जाहिरात बंद करू द्या मला. आत्यानं आईला फोन केला, विचारलं, नीरजाचं लग्न मोडलं का? तिनं दुसरं कुठे... अशा लोकांत केलं का? आई दोन दिवस जेवली नाही. मामेभावानं फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. सगळे हसतायत. खाली कमेंट काय काय येतायत तुम्हाला माहितीये? मी कुणाकुणाला सांगत बसू की मी ती नाहीये?"

चंदानं चहाचा घोट घेतला. बशीत कप नीट ठेवला. मग अगदी मऊ आवाजात, नीरजानं गुडगावला वापरला होता तस्साच आवाज, म्हणाली:

"प्लीज नीरजाताई, पर्सनल घेऊ नका. डेटा आहे."

चंदानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "वहिनी, अजून तीन दिवस आहेत." मग उठून तिनं लॅपटॉप उघडला, कारण दुसऱ्या दिवशी आर्यनच्या बॅचचा पहिला तास होता आणि तिला प्रश्न ठरवायचा होता.